पानावरचा हिशेब

आज आमच्या बचत गटातल्या एका पोरीची गोष्ट सांगतो.

कुहीत तिच्या मामाजींचा मिरची खरेदीचा धंदा आहे. हिशेब ती लिहिते. हात चोख, पण तोंडातून शब्द निघत नाही. मामाजींसमोर तर मुळीच नाही.

त्या हंगामात मामाजींचे दोन चेक परत आले. दुसऱ्यांदा टाकल्यावर वटले, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग मिरचीच्या एका शेतकऱ्याचा 65,000 चा चेक परत आला. कारण एकच, खात्यात पुरेशी रक्कम नाही. मामाजी म्हणाले, "बँकेचीच चूक असन."

नंतर वकिलाची नोटीस आली. ती पोरीनेच सही करून घेतली आणि घाबरून टेबलाच्या खणात ठेवली. सहा दिवस. सातव्या दिवशी गटाच्या बैठकीत रडू फुटलं, तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही नोटीस वाचली. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर 30 दिवसांत घेणाऱ्याने लेखी मागणी करायची असते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला कोर्टात फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हाती उरले होते नऊ दिवस.

बोलता येत नाही तर लिहून दे, असं आम्ही म्हटलं. तिने रोजकीर्द आणि पासबुक शेजारी ठेवून दोन्हींतल्या नोंदी एकेक करून जुळवल्या. शेतकऱ्याचा चेक लिहिला त्या दिवशी रोजकीर्दीत बँक शिल्लक 92,000 होती. त्यात एका व्यापाऱ्याचा 32,000 चा चेक भरणा केल्या दिवशीच जमा धरलेला. तो वटलाच नव्हता. टेम्पोच्या कर्जाचा 18,000 चा हप्ता बँकेने परस्पर कापलेला, वहीत नोंदच नाही. आधीच्या दोन परत चेकांचे प्रत्येकी 590 म्हणजे 1,180 कापलेले. हे सगळं वजा केलं तर खरे उरत होते 40,820. त्यावर 65,000 चा चेक कसा वटणार?

दुसऱ्या दिवशी तिने ते पान, पासबुक आणि नोटीस मामाजींच्या चहाजवळ ठेवली. मामाजींनी दोनदा वाचलं. "काहून नाही सांगितलं पोरी?" ती म्हणाली, "मामाजी, भ्यायले होते."

आम्हाला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी आधी फोन लावला त्या व्यापाऱ्याला. त्याने तीन दिवसांत 32,000 खात्यात टाकले. नोटिशीच्या बाराव्या दिवशी शेतकऱ्याच्या खात्यात 65,000 पाठवले. रोख दिले नाहीत, कारण खात्यातून गेलेल्याचा पुरावा राहतो. मूळ चेक आणि पैसे मिळाल्याची सही घ्यायला ती स्वतः गेली, एकटी.

आता व्यापाऱ्याचा चेक वटल्याची नोंद पासबुकात दिसेपर्यंत ती तो रोजकीर्दीत पेन्सिलीने लिहिते. मामाजी चेकबुक काढताना आधी तिच्याकडे बघतात.