दोन शिष्यवृत्त्या, एक निवड

समजा, देवबागचा एक मुलगा बारावीला कोकण मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आला आणि अभियांत्रिकीला लागला. शिक्षण शुल्क ऐंशी हजार. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून त्यातले निम्मे, म्हणजे दरवर्षी 40 हजार सुटतात. दुसरीकडे केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती खुणावते: पहिली तीन वर्षे दरवर्षी 12 हजार, चौथ्या वर्षी 20 हजार. मोह होतो, दोन्ही अर्ज भरावेत.

पण केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे: दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची शुल्कसवलत घेणाऱ्याला ही मिळत नाही. दोन्ही अर्ज एकाच आधार क्रमांकाशी जोडलेले असतात. खोटी माहिती दिली तर शिष्यवृत्ती रद्द होते आणि घेतलेली रक्कम परत भरावी लागते. तोवर ते पैसे खानावळीत आणि पुस्तकांत गेलेले असतात, हे फार वाईट.

म्हणून आधी चार वर्षांचा हिशेब मांडा. इथे एकीकडे 1 लाख 60 हजार, दुसरीकडे 56 हजार. दोन्ही अर्ज आधीच भरले असतील, तर पैसे जमा होण्याआधी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी कळवा, एक अर्ज मागे घ्या आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.