दुकान वाढलं की नुसत्या किमती वाढल्या?

आजचा विषय हिशेबाचा आहे, पण कागद-पेन्सिल नाही घेतलीत तरी चालेल. आकडे थोडेच आहेत, आणि ते मी सावकाश सांगणार आहे.

आमच्या ओळखीच्या एका काकांचं न्यू जर्सीत भारतीय किराणा मालाचं दुकान आहे. काका माल आणि हिशेब बघतात, काकू गल्ल्यावर बसतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला सहा वर्षांची वह्यापुस्तकं घेऊन घरी बोलावलं. दुसऱ्या दुकानासाठी दहा वर्षांचा भाडेकरार समोर आला होता आणि त्यावर सही करायची होती. भाडं दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढणार होतं. काका म्हणाले, "विक्री पाच वर्षांत ३० टक्क्यांनी वाढलीय. म्हणजे वर्षाला ६ टक्के. मग ४ टक्क्यांचं काय भ्यायचं?" त्यांच्या परवानगीने, आकडे थोडे गोळाबेरीज करून, तो हिशेब तुम्हाला सांगतो.

२०१९ मध्ये विक्री होती ८ लाख डॉलर. २०२४ मध्ये १० लाख ४० हजार. वाढ ३० टक्के, हे खरंच. पण ३० भागिले ५ म्हणजे ६, हे बरोबर नाही. दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या वाढलेल्या आकड्यावर होते, बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखी. म्हणून शेवटचा आकडा भागिले पहिला आकडा, आणि त्याचं पाचवं मूळ काढायचं. लेखी प्रत वाचणाऱ्यांसाठी, स्प्रेडशीटमध्ये ते असं लिहायचं:

```
=(1040000/800000)^(1/5)-1
```

उत्तर येतं ५.४ टक्के. इथे एक चूक हमखास होते. वह्या सहा वर्षांच्या आहेत म्हणून लोक सहावं मूळ काढतात. पण २०१९ ते २०२४ मध्ये वाढीच्या पायऱ्या पाचच आहेत. वह्या मोजायच्या नाहीत, दोन वह्यांमधली अंतरं मोजायची.

आता महागाई. २०२४ चा डॉलर हा २०१९ चा डॉलर नव्हे. म्हणून विक्रीतून किमतींची वाढ बाजूला काढायला हवी. कोणाच्या किमती? दुकानात जे विकलं जातं, त्याच्या. अमेरिकेत घरी नेऊन खायच्या अन्नपदार्थांचा किंमत निर्देशांक वेगळा निघतो. २०१९ ते २०२४ या काळात या किमती सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा १.३० भागिले १.२७. उरतात साधारण अडीच टक्के, तेही पाच वर्षांत मिळून. म्हणजे वर्षाला अर्धा टक्का. ३० मधून २७ वजा करायचे नाहीत, भागाकार करायचा. आकडे मोठे असले की वजाबाकी फसवते.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "अर्धा टक्का तर अर्धा टक्का, वाढ आहे ना?"

म्हणून आम्ही मधली वर्षं उघडली. २०२० मध्ये विक्री एकदम ९ लाखांवर गेली होती. टाळेबंदी होती, उपाहारगृहं बंद, सगळे घरीच पोळ्या लाटत होते. आता २०२० पासून मोजू. ९ लाखांचे १० लाख ४० हजार, चार पायऱ्या. कागदावर वाढ वर्षाला ३.७ टक्के. पण त्याच चार वर्षांत अन्नाच्या किमती सुमारे साडेबावीस टक्क्यांनी वाढल्या. त्या बाजूला काढल्या तर विक्री जवळजवळ ६ टक्क्यांनी घटलेली दिसते. म्हणजे पाच वर्षांची सगळी खरी वाढ त्या एका वर्षातली होती, आणि त्यानंतर दुकानातून माल कमी जात होता.

काकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं होतं की सरकारी निर्देशांक अमेरिकन माणसाच्या टोपलीचा, त्यात तूरडाळ कुठली? मुद्दा रास्त होता. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा इथे सोना मसुरीच्या पोत्यांसाठी लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. त्या निर्देशांकात आपल्या दुकानांतली ती उसळी दिसणार नाही. म्हणून आम्ही पैशांऐवजी नग मोजले. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांवरून वीस पौंडी कणकेच्या पिशव्या काढल्या. २०२० मध्ये २,२०० गेल्या होत्या, २०२४ मध्ये २,०६०. घट सहा टक्क्यांच्या वर. निर्देशांकाने जे सांगितलं, तेच पिशव्यांनी सांगितलं. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी ही पडताळणी जरूर करावी. नेहमी खपणाऱ्या चार-पाच वस्तूंचे नग पुरेत.

राहिला नफा. २०१९ मध्ये ६४ हजार, २०२४ मध्ये ७२ हजार. कागदावर वर्षाला २.४ टक्के वाढ. नफ्याला मात्र अन्नाचा निर्देशांक लावायचा नाही, कारण नफ्यातून काका फक्त किराणा घेत नाहीत. घराचा हप्ता, विमा, गाडी, मुलीची फी, सगळं त्यातूनच जातं. म्हणून इथे सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांक घ्यायचा. त्याची वार्षिक सरासरी २०१९ मध्ये २५५.७ होती, २०२४ मध्ये ३१३.७. म्हणजे किमती सुमारे २३ टक्क्यांनी चढल्या. ७२ हजारांना १.२२७ ने भागलं की येतात साधारण ५८ हजार ७००. जुन्या ६४ हजारांपेक्षा पाच हजारांहून जास्त कमी. खरा नफा वर्षाला पावणेदोन टक्क्यांनी घटत होता. काकू इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि माझा पगार धरलाय का त्यात?" धरलेला नव्हता.

शेवटी भाड्याकडे आलो. इथे उलटी काळजी घ्यावी लागते. करारातले ४ टक्के हे कागदावरचे आहेत, म्हणून त्यांची तुलना कागदावरच्या विक्रीशीच करायची, महागाई वजा केलेल्या आकड्याशी नाही. ती वाढ २०२० पासून ३.७ टक्के. म्हणजे नवं दुकान याच गतीने चाललं, तर भाडं विक्रीच्या पुढे धावणार, आणि दहाव्या वर्षापर्यंत धावत राहणार.

एक बरी बाजूही निघाली. २०२२ मध्ये विक्री ७ टक्क्यांनी वाढली म्हणून काकांनी पेढे वाटले होते. त्या वर्षी अन्न ११.४ टक्क्यांनी महागलं होतं, म्हणजे ते दुकानाचं सर्वांत वाईट वर्ष. २०२४ मध्ये विक्री फक्त अडीच टक्क्यांनी वाढली म्हणून ते खट्टू होते. पण त्या वर्षी किमती जेमतेम १.२ टक्क्यांनी चढल्या. टाळेबंदीनंतर प्रथमच दुकानातून जास्त माल बाहेर गेला होता.

काकांनी सही केली नाही. घरमालकाकडे तीन वर्षांचा करार आणि पुढे वाढवण्याची मुभा मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर काकू दर महिन्याला कणकेच्या पिशव्या मोजून वहीत लिहितायत. पेढे कधी वाटायचे, ते म्हणे आता त्या ठरवणार.