पार्सलवाला सोमा आणि बँकेतले साहेब

आज आम्ही गटातल्या बायकांनी मिळून रचलेली एक गोष्ट सांगणार आहोत. माणसं मनातली आहेत, पण त्यातला विम्याचा हिशोब खरा आहे. तेवढा कान देऊन ऐका.

फलटणला एक साहेब राहायचे. बँकेत अधिकारी होते, आता निवृत्त. बायको वारलेली, लेक पुण्याला. लेक तिकडून मोबाईलवर वडिलांची औषधं मागवायची आणि दर महिन्याला ती घेऊन सोमा यायचा. बावीस वर्षांचा पोरगा, जवळच्या खेड्यातला. गाडी हप्त्यावर घेतलेली, पाठीला भलीमोठी बॅग.

पहिल्याच दिवशी सोमा दारातून म्हणाला, "साहेब, ओटीपी सांगा." साहेब भडकले. "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो! बँकेत मी हे हजार वेळा सांगितलंय." सोमा उन्हात उभा. त्याला पार्सलमागे पैसे मिळायचे, इथे वेळ गेला की पुढचं पार्सल राहणार. तरी तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी मेसेज वाचा, मग ठरवा."

साहेबांनी चष्मा लावला. मेसेजमध्ये ना रकमेचा आकडा, ना बँकेचं नाव. पार्सल हातात आल्यावर नंबर द्या, एवढंच. पार्सल आपलंच होतं, समोर होतं. त्यांनी नंबर दिला. मैत्रिणींनो, आपणही असंच करायचं. मेसेजमध्ये पैशाचं किंवा खात्याचं नाव दिसलं, किंवा आपण काही मागवलेलंच नसलं, तर नंबर द्यायचा नाही.

पुढच्या महिन्यात साहेबांनी पाणी विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यात चहा. मग सोमा दुपारचा डबा त्यांच्या ओट्यावर बसून खाऊ लागला. 'साहेब'चं 'काका' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मे महिन्यात काकांनी विचारलं, "दिवसभर रस्त्यावर असतोस, विमा आहे का?" सोमा हसला. "हप्ता भरता भरता जीव जातोय काका, विमा कुठला?" काका म्हणाले, "वर्षाला 20 रुपये लागतात." ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. 18 ते 70 वर्षांच्या खातेदाराला घेता येते. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. काका त्याला बँकेत घेऊन गेले, फॉर्म भरला, नॉमिनी म्हणून आईचं नाव लावलं.

"पण एक ध्यानात ठेव," काका म्हणाले. "हा विमा 1 जून ते 31 मे असा चालतो. पैसे दरवर्षी मे अखेरीला खात्यातून आपोआप कापतात. तुझा पगार आला की हप्त्यात जातो. त्या दिवशी खातं रिकामं असलं तर विमा बंद पडतो. जूनमध्ये पासबुक भरून घे आणि 20 रुपये कापलेत का बघ."

जुलैच्या पावसात सोमाची गाडी घसरली. हात मोडला, प्लास्टर झालं, काम बंद. त्याने फोन केला. "काका, विम्याचे किती मिळतील?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, "काही नाही रे." मोडलेलं हाड जुळतं, त्याला हा विमा पैसे देत नाही. दवाखान्याचा खर्चही देत नाही. अपघातात एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर 1 लाख, असे दोन गेले तर 2 लाख. सोमाने काही न बोलता फोन ठेवला.

काकांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने ते सोमाच्या गावी गेले. त्याच्या खाटेपाशी बसून म्हणाले, "चूक माझी आहे. काय मिळतं ते सांगितलं, काय मिळत नाही ते सांगितलं नाही. बँकेतही मी असंच करायचो. लोक सही करून जायचे, अन् मला वाटायचं, काम झालं."

सोमाच्या आईने चहा आणून ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सोमानेच विचारलं, "तुमची औषधं आता कोण आणतं?"

"दुसरा पोरगा येतो," काका म्हणाले. "पण तो थांबत नाही."

सोमा हसला. "महिनाभर थांबा काका. प्लास्टर निघालं की येतोच."

मैत्रिणींनो, आमची गोष्ट इथे संपली. आता गटाच्या पुढच्या बैठकीला आपापलं पासबुक घेऊन या. 20 रुपये कापल्याची नोंद कुणाच्या पासबुकात आहे आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लागलंय, ते एकमेकींचं बघू. आणि कुणाला विमा घ्यायला सांगाल, तेव्हा तो कशाला मिळत नाही, ते आधी सांगा.