कुंडीतली कोथिंबीर आणि आपली काळी माती



घरच्या कुंडीत स्वयंपाकाला लागणारी पानं कशी वाढवायची, यावर दहा मिनिटं बोला, असं आकाशवाणीने सांगितलं. कोथिंबीर, पुदिना, तुळस, गवती चहा, पानओवा, अशी यादीही दिली. यादी मोठी आहे आणि वेळ थोडा, म्हणून मी कोथिंबिरीपासून सुरुवात करतो. घनसावंगीच्या बाजूने मला जे विचारतात, त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोथिंबिरीचेच असतात. प्रश्नही साधारण एकच असतो. शेतात वाफ्यावर टाकली तर येते, कुंडीत टाकली तर उगवते आणि मरते, असं का?

याचं उत्तर मातीत आहे. कुंभार पिंपळगाव घ्या, तीर्थपुरी घ्या, गोदावरीच्या काठची गावं घ्या, आपल्याकडची काळी माती कापसाला, उसाला, तुरीला चांगली. म्हणून माणूस काय करतो, शेतातून एक घमेलं माती आणतो आणि तशीच कुंडीत भरतो. इतकी कसदार माती, मग रोप का येणार नाही, असं त्याला वाटतं.

आता शेतात काय होतं ते आठवा. पाऊस पडला की काळी माती फुगते, ऊन पडलं की आक्रसते आणि जमिनीला भेगा पडतात. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो. त्या भेगांतून हवा आत जाते. आणि वरचं पाणी हळूहळू का होईना, खालच्या खोल मातीत उतरतं. कुंडीत ती खोली नसते. वीतभर माती, तिच्याखाली कुंडीचा तळ. आपण रोज पाणी घालतो, म्हणून भेगही पडत नाही. माती फुगलेलीच राहते आणि मुळाला हवा मिळत नाही. वरून रोप पिवळं पडतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी पाणी घालतो. पुन्हा सांगतो, कारण इथेच बहुतेकांची कोथिंबीर जाते. पिवळं पडलेलं रोप दरवेळी तहानलेलं नसतं.

आणि याच्या उलटही होतं. चार दिवस गावाला गेलो, माती सुकली, तर काळी माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. कडेला बोटाच्या पेराएवढी फट पडते. आल्यावर आपण तांब्याभर पाणी ओततो, ते पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपण म्हणतो, खालून पाणी आलं, पोट भरलं. मधला मातीचा गोळा मात्र कोरडाच असतो. अशा वेळी खुरप्याच्या टोकाने वरची माती हलकी करून फट बुजवावी आणि थांबून थांबून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी द्यावं. कुंडी लहान असली तर ती पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवावी. बुडबुडे यायचे थांबले की मातीत पाणी मुरलं.

मग माती कशी करायची? एक तांब्या काळी माती, एक तांब्या जाडसर वाळू, एक तांब्या चांगलं कुजलेलं शेणखत. वाळू मिळत नसेल तर फुटक्या विटांचा चुरा करून चाळून घ्या. चाळणीवर राहतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा भाग घ्यायचा, खाली पडते ती भुकटी नाही. भुकटी घातली तर माती पुन्हा घट्ट बसते. पांढऱ्या चुनखडीचा मुरूम मात्र घालू नका, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आधीच पुष्कळ असतात. शेणखत हातात घेतल्यावर हाताला शेणाचा वास लागत असेल तर ते अजून कुजलेलं नाही. कुजलेलं खत भुसभुशीत असतं, मातीसारखा वास येतो आणि हाताला गरम लागत नाही.

मिश्रण जमलं की नाही, हे बी टाकायच्या आधीच बघता येतं. कुंडी भरा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी बघता बघता आत मुरलं तर ठीक. डबक्यासारखं साचून राहिलं, तर माती उपसा आणि वाळू वाढवा. बी टाकल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

तळाशी खडीचा जाड थर द्यावा, असं पुष्कळजण सांगतात. त्याने पाणी लवकर निघत नाही. उलट पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून बसतं आणि मुळाला माती तेवढी कमी मिळते. भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवला की पुरे.

आता डबा. कोथिंबिरीचं मूळ खाली सरळ जातं, म्हणून उथळ ताटलीत ती राहत नाही. वीतभर खोली हवी. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या, आडवा ठेवा आणि वरची बाजू कापून काढा. साधारण वीतभर खोल आणि त्याहून लांब असा छान वाफा तयार होतो. कापलेली कड हातोडीने आत दुमडून घ्या, नाहीतर हात कापतो. तळाला आठ-दहा भोकं पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोकं जमिनीला टेकून बंद होणार नाहीत. पत्रा उन्हात तापतो, म्हणून दुपारचं ऊन लागेल त्या बाजूला ओलं गोणपाट बांधा.

बियाण्याबद्दल मी जरा थांबून बोलणार आहे. किराणा दुकानातले धने चालतात, पण जुने नकोत. चुरडून बघा, वास खणखणीत आला पाहिजे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. धन्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. दाणा तसाच टाकला तर टरफल लवकर भिजत नाही, उगवण मागेपुढे होते. म्हणून धने चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलक्या हाताने दाबून फोडायचे. दाणा दोन भागांत सुटला पाहिजे, भरड होता कामा नये. आमटीसाठी भरडतो तसं करू नका! मग रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि सकाळी निथळून फडक्यावर पसरायचे, बोटाला चिकटत नाहीत इतपत.

या डब्याला चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा धने पुष्कळ होतात. लोक मूठभर टाकतात. मूठभर टाकले की दाट उगवतं, दाटीत ओल टिकते आणि कोवळी रोपं मातीच्या लगतच बारीक होऊन आडवी पडतात. याला शेतकरी मर म्हणतात. ही मर लागली की औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी थांबवा, दाट रोपं उपटून टाका आणि वारा खेळू द्या. बोटाने अर्धा इंच खोल रेघ ओढा, बोटभर अंतराने दुसरी रेघ, त्यात बी पेरून वर तेच मिश्रण भुरभुरवा. डबा ओल्या गोणपाटाने झाका. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतात. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. दोन दिवस उशीर झाला तर रोपं पांढरी, लांबुडकी होतात आणि ती सावरत नाहीत.

इथे मला एक तक्रार करायची आहे. मोबाइलवरच्या एक मिनिटाच्या व्हिडिओत बी टाकतात आणि पुढच्याच चित्रात हिरवंगार झुडूप दाखवतात. मधले दहा-बारा दिवस कुणी दाखवत नाही. त्यामुळे मुलं पाचव्या दिवशी माती उकरून बघतात, कोंब आले का म्हणून. आलेला कोंब मोडतो. बाळांनो, उकरू नका. दुसरं, कोथिंबिरीचं रोप एका कुंडीतून उपटून दुसऱ्या कुंडीत लावू नका. तिचं सोटमूळ दुखावलं की ती बसून जाते, नाहीतर लगेच फुलावर येते. जिथे पेरली तिथेच वाढू द्या.

पाणी किती, हा प्रश्न पुन्हा येतोच. दिवस ठरवू नका, बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर नाही. उन्हाळ्यात दुपारी पानं माना टाकतात, माती ओली असली तरी टाकतात. ती उन्हाने टाकलेली असतात, सावली आली की उभी राहतात. आणि घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र असेल तर त्याच्या नळीतून बाहेर सोडलेलं पाणी कुंडीला घालू नका. पाणी शुद्ध करताना निघालेले सगळे क्षार त्यात असतात. बोअरचं पाणी घालत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला, तर पावसाचं साठवलेलं पाणी एकदा भरपूर ओतून क्षार खाली वाहून जाऊ द्या.

साधारण सहाव्या आठवड्यात पहिली कापणी होते. बाहेरची मोठी पानं देठासकट कापा, मधला कोंब राहू द्या. अशी दोन-तीनदा मिळते. मग दांडा वर उंच होतो, पानं शेपूसारखी बारीक होतात. तेव्हा ती फुलावर आली असं समजा, कापून काही उपयोग नाही. म्हणून एकच डबा पेरून थांबू नका, पंधरा दिवसांनी दुसरा पेरा. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ आपल्याकडे सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा कोथिंबीर पान द्यायच्या आधीच फुलते. पेरायचीच असेल तर सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन मिळेल अशा ठिकाणी, एरवी पूर्ण सावलीत. तरीही हिवाळ्यासारखी येणार नाही.

निवेदक घड्याळ दाखवत आहेत. मावा राहिला. कोवळ्या शेंड्यावर हिरवे बारीक किडे दिसले तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकून टाका. तेवढ्यानेही गेले नाहीत तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा निंबोळी तेल, थोडा साबणाचा फेस, आणि फवारणी संध्याकाळी. फवारल्यावर आठवडाभर ती पानं खाऊ नका, आणि खाताना धुऊन घ्या.

पुदिन्याचं थोडक्यात सांगतो. बाजारातल्या जुडीतली जाड काडी घ्या, खालची पानं काढा, ग्लासभर पाण्यात सावलीला ठेवा आणि पाणी दोन दिवसांआड बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात, मग कुंडीत लावा. याला खोल नाही, पसरट भांडं हवं, कारण तो आडवा पसरतो. त्याला दुसऱ्या कशाच्याही शेजारी एका कुंडीत लावू नका, तो दुसऱ्याला जागा ठेवत नाही. पानओवा याच्या उलट, पानं जाड असतात, पाणी निम्मंच लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या दिसल्या की लगेच खुडा. गवती चहाला मोठी कुंडी हवी, त्याबद्दल आज बोलता येणार नाही. पत्रं पाठवा, मी उत्तर देईन. आणि पत्रात एवढं जरूर लिहा, की कुंडीत ओतलेलं पाणी किती वेळात मुरतं.