वाफ्यातले 630 ग्रॅम



एका शेतकरी उत्पादक कंपनीत नव्या कृषी पदवीधरांचे अर्ज वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्या अर्जांमधलं एक वाक्य मला नेहमी भेटतं: ‘बीबीएफ पद्धतीने सोयाबीनच्या उत्पादनात 17.5 टक्के वाढ सिद्ध केली.’ वाक्य खरं असतं आणि त्यामागे एका खरिपाचे कष्ट असतात. तरी आमच्या संचालकांपुढे ते ठेवलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे आपल्या सभासदाला एकरी काय सुटलं?’ वाफ्यापासून या प्रश्नापर्यंतची वाट अर्जात कशी दाखवायची, एवढंच आज बोलणार आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण रचू. त्यातले आकडे काढून तुमच्या वहीतले घाला. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर रुंद वरंबा सरी आणि सपाट पेरणी यांची चाचणी झाली. कडेच्या ओळी सोडून मोजणीचा वाफा 3.6 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब, म्हणजे 18 चौरस मीटर. सपाट पेरणीत सरासरी 3.60 किलो दाणे निघाले आणि बीबीएफमध्ये 4.23 किलो. हेक्टरी हिशेब केला तर 20 क्विंटल आणि 23.5 क्विंटल. साडेतीन क्विंटलचा हा फरक क्रांतिक फरकापेक्षा मोठा निघाला, म्हणून निष्कर्ष मान्य झाला.

आता हाच फरक वाफ्यात पाहा. तो 630 ग्रॅमचा आहे. वाफ्यातला प्रत्येक ग्रॅम हेक्टरवर नेताना सुमारे 556 पटींनी वाढतो, त्यामुळे वजनात 100 ग्रॅमची चूक झाली तरी हेक्टरी आकडा सुमारे 56 किलोंनी हलतो. चूक फक्त काट्याची नसते. बीबीएफमध्ये सरीत पीक नसतं, पण ती जमीन शेतकऱ्याचीच असते. वरंबा आणि सरी मिळून 1.80 मीटर धरले, म्हणून दोन वरंब्यांचा वाफा 3.6 मीटरचा झाला. सरीची जागा क्षेत्रफळातून वगळली की उत्पादन कागदावर फुगतं. ओलाव्याचंही तसंच आहे. 18 टक्के ओलाव्याचे 100 किलो दाणे 12 टक्क्यांवर आणले तर 93 किलोच उरतात, आणि बाजार समितीत जास्त ओलावा कापला जातो. म्हणून तुमचा वाफा किती चौरस मीटरचा होता आणि वजन किती ओलाव्यावर घेतलं, हे अर्जात एका वाक्यात लिहा. ते वाचलं की अर्जदार स्वतः मळणीला उभा होता, हे मला कळतं.

यानंतरची पायरी बहुतेक अर्जांत नसते. हेक्टरी साडेतीन क्विंटल म्हणजे एकरी 1.4 क्विंटल, पण शेतकऱ्याच्या शिवारात तेवढा फरक मिळेलच असं नाही. प्रक्षेत्राची जमीन सपाट आणि सारखी असते, तण वेळेवर निघतं, फवारणीचा दिवस चुकत नाही. समजा पुढच्या हंगामात 12 शेतकऱ्यांनी एकाच दिवशी, एकच बियाणं वापरून, अर्धा एकर बीबीएफवर आणि अर्धा एकर नेहमीच्या पद्धतीने पेरला. सरासरी फरक एकरी 80 किलो आला. आकडा खाली आला म्हणून तो लपवू नका. मला हाच आकडा हवा असतो.

त्याचे पैसे करताना हमीभाव धरू नका. 2025-26 साठी तो क्विंटलला 5,328 रुपये होता, पण शेतकऱ्याच्या पट्टीवर जो भाव लागला तोच खरा. 4,000 धरला तर 80 किलोंचे 3,200 रुपये. सपाट पेरणीला एकरी 30 किलो बियाणं लागतं, बीबीएफला 22 किलो. वाचलेल्या आठ किलोंचे, 80 रुपये दराने, 640. या दोन्हींच्या बेरजेतून यंत्राचं जादा भाडं 500 आणि वाढलेल्या मालाची मळणी 240 वजा करा. एकरी 3,100 रुपये सुटले. ज्याने घरचंच बियाणं पेरलं त्याचे बियाण्याचे पैसे कमी धरावे लागतील, हेही तिथेच नोंदवा.

पण सरासरीपाशी थांबू नका. आपल्या उदाहरणात बारापैकी तीन शेतांवर काहीच फरक पडला नाही असं धरू. दोन शेतं मुरमाड होती; तिथे पाणी मुळात साचतच नव्हतं, मग ते सरीतून काढून काय मिळणार? तिसऱ्यावर वापसा येण्याआधीच यंत्र घातलं, ढेकळं उठली, उगवण विरळ झाली. ही तीन शेतं नऊ चांगल्या शेतांपेक्षा मला जास्त उपयोगी आहेत, कारण कोणत्या सभासदाला यंत्र द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्यांच्यावरून ठरतं. आणखी एक सांगायला हवं. चाचणीला पटकन तयार होणारा शेतकरी बहुधा बरी जमीन आणि हाताशी पैसा असलेला असतो. त्याचा फायदा सगळ्या गावाचा म्हणून मांडू नका.

आता वापशाचाच धागा पुढे नेऊ. समजा एका कंपनीच्या सभासदांकडे 300 एकर सोयाबीन आहे. ट्रॅक्टरचं एक बीबीएफ यंत्र दिवसाला आठ एकर पेरतं आणि चांगल्या पावसानंतर वापसा सहा दिवस टिकतो. म्हणजे एका यंत्राने 48 एकर. उरलेल्या 252 एकरांवरचा शेतकरी यंत्राची वाट पाहत पेरणी लांबवेल, तर उशिराने होणारी घट बीबीएफचा फायदा खाऊन टाकेल. ज्या अर्जदाराने एवढं गणित मांडलं, त्याला मी लगेच बोलावते. अजून किती यंत्रं लागतील, की पाणी साचणारी शेतं निवडून तेवढीच आधी पेरावीत, यावर आमची चर्चा तिथूनच सुरू होते.

अर्जातला परिच्छेद मग असा होईल: ‘प्रक्षेत्रावर एकरी 1.4 क्विंटल आणि 12 शेतकऱ्यांच्या शेतांवर सरासरी 80 किलो वाढ मिळाली. खर्च वजा जाता एकरी सुमारे 3,100 रुपये सुटले. नऊ शेतांवर फायदा झाला. दोन मुरमाड आणि एका घाईने पेरलेल्या शेतावर झाला नाही. शेतांवरचं निरीक्षण एका हंगामाचं आहे आणि त्या वर्षी पाऊस जास्त होता. मी पेरणी, उगवणीची मोजणी आणि वजन केलं. आराखडा मार्गदर्शकांचा होता.’ जास्त पावसाच्या वर्षी सरीतून पाणी निघाल्याचा फायदा दिसतो. मोठा खंड पडला असता तर काय झालं असतं, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून पावसाचं वाक्य गाळू नका.

तुमच्यापैकी अनेकांकडे शेतकऱ्यांच्या शेतावरचे आकडे नसतील, फक्त प्रक्षेत्राचे असतील. मग प्रक्षेत्राचेच लिहा आणि शेतकऱ्याचा फायदा मोजलेला नाही, असं स्पष्ट म्हणा. त्याखाली तो कसा मोजाल ते मांडा: किती शेतं, कोणत्या जमिनी, शेजारचा कोणता तुकडा तुलनेला, वजन कोणत्या काट्यावर, पट्टी कोणाकडून घेणार. ग्रामीण कार्यानुभवात ज्या गावात राहिलात, तिथले शेतकरी तुम्हाला ओळखतात. येत्या पेरणीआधी त्यांच्यापैकी दोघांशी बोललात, तर ही योजना त्यांच्या जमिनीला धरून लिहिता येईल.