साखरेआधी रक्तदाब बघा



अध्यक्षपदावरून बोलताना अनेक विषयांना स्पर्श करण्याचा मोह होतो. मी तो टाळणार आहे आणि एकच प्रश्न हाती घेणार आहे. मधुमेह असलेल्या बाईला पाळणा लांबवायचा असेल, तर तिला माला-एनची गोळी किंवा अंतराचं इंजेक्शन द्यावं की नाही? 'शुगर आहे ना, मग हार्मोन नको' हे उत्तर सहज तोंडून निघतं. सावधगिरीचा सल्ला दिल्यासारखं वाटतं आणि बाई तशीच घरी जाते. माझं म्हणणं असं की हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, कारण ते चुकीच्या प्रश्नाला दिलेलं असतं. आपण विचारतो, गोळीने साखर वाढेल का? विचारायला हवं ते हे, की या बाईच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि डोळे कसे आहेत, आणि आज दिवस राहिले तर काय होईल?

गोळीची भीती आली कुठून, ते आधी पाहू. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. साठच्या दशकात लंडनच्या संशोधकांनी अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, तेव्हा बऱ्याच जणींची साखर चढलेली आढळली. निष्कर्ष खरा होता, पण तो त्या गोळीबद्दल होता. आपल्या उपकेंद्रात मिळणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या गोळीच्या एक पंचमांश, आणि सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. हे दुसरं हार्मोन इन्सुलिनचा जोर थोडा कमी करतं. निरोगी स्वादुपिंड जरा जास्त इन्सुलिन सोडून ते भरून काढतं. मधुमेहीच्या स्वादुपिंडात ती शिल्लक नसते, म्हणून तिची साखर थोडी वर सरकू शकते. ती किती सरकते? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या तरुणींपैकी गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांची तुलना होती. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, डोळ्यांत आणि मूत्रपिंडांतही नाही. हा अभ्यास लहान होता आणि या विषयावरच्या चाचण्या एकूणच थोड्या आहेत. तरीही त्यांतून निघणारा अर्थ एका दिशेचा आहे: साखरेत होणारा बदल औषधाचा डोस थोडा हलवून सांभाळता येतो.

आता तराजूचं दुसरं पारडं. गर्भाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांत जवळपास पुरी होते. पाळी चुकली, मग घरात सांगितलं, मग आशाताईंकडे नाव नोंदवलं, इतकं होईपर्यंत हा काळ सरत आलेला असतो. ज्या आईची साखर या काळात आटोक्यात असते, तिच्या बाळात व्यंगाचा धोका सर्वसाधारण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. एचबीएवनसी दहाच्या पुढे असेल, तर तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून गर्भधारणेआधी हा आकडा साडेसहाच्या खाली असावा असं सांगतात आणि दहाच्या वर असेल तर दिवस राहू देऊ नयेत असं बजावतात. त्यात ती टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर तीही गर्भाला बाधते. साखर आठ-दहा अंकांनी वाढेल या धास्तीने साधन नाकारायचं आणि नऊ एचबीएवनसीवर नको असलेला गर्भ राहू द्यायचा, याला मी सावधगिरी म्हणणार नाही.

मग धोका नाहीच का? आहे, आणि तो खरा आहे, फक्त दुसरीकडे आहे. इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. मधुमेहाने रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच खराब झालं असेल, तर गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रता-निकषांचा पाया हाच आहे. तिथे १ म्हणजे निर्धोक, २ म्हणजे फायदा धोक्यापेक्षा जास्त, ३ म्हणजे सहसा नको, ४ म्हणजे देऊच नये. फक्त गरोदरपणात साखर वाढली होती आणि नंतर उतरली, अशा बाईला सगळी साधनं १. मधुमेह आहे पण रक्तवाहिन्यांना इजा नाही, मग ती इन्सुलिनवर असो वा गोळ्यांवर, तर सगळी हार्मोनची साधनं २ आणि तांबी १. डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर, नसांवर परिणाम झाला असेल किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटून गेली असतील, तर मिश्र गोळी थेट ३ किंवा ४ आणि अंतरा ३. तांबी मात्र तिथेही १. या साऱ्या वर्गीकरणात साखरेचा आकडा कुठेही नाही, हे मला मुद्दाम ठळकपणे सांगायचं आहे.

अंतरा ३ मध्ये का जातं, हे अनेकांना कोडं वाटतं, कारण त्यात इस्ट्रोजेन नाही. ते १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आहे. एकदा टोचलं की तीन महिने शरीरात राहतं, परत काढता येत नाही. काही जणींचं वजन त्याने वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे १,४६,००० मधुमेही स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. गर्भाशयात बसवायची साधनं वापरणाऱ्यांत गुठळीच्या घटना वर्षाला हजारी ३.४ होत्या, इंजेक्शन घेणाऱ्यांत १२.५. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनी आधीच पाहून ठरवलेलं असतं, त्यामुळे सगळा फरक इंजेक्शनच्या माथी मारता येणार नाही. पण जिच्या रक्तवाहिन्या बिघडल्या आहेत तिला ते टोचताना हात थांबावा, इतकं वजन या आकड्यांना नक्कीच आहे.

उदाहरण घेऊन बघू. सौंसर तहसिलीतल्या, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या २८ वर्षांच्या बाईची कल्पना करा. दोन मुलं, दुसऱ्या खेपेला साखर निघाली होती, आता मेटफॉर्मिनवर आहे. धाकटं मूल तीन वर्षांचं आहे, अंगावर पीत नाही. तिसरं हवं की नको हे ठरलेलं नाही, पण दोन वर्षं तरी नको. तांबीने रक्तस्राव वाढेल म्हणून ती नको म्हणते. रक्तदाब ११८/७६, लघवीच्या पट्टीवर प्रथिनं नाहीत, डोळ्यांचा पडदा स्वच्छ, बिडी-सिगारेट नाही. उपाशीपोटी साखर १४८, एचबीएवनसी ८.२. हिला माला-एन देता येते. सुरू करताना वजन, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर लिहून ठेवायची आणि तीन महिन्यांनी तेच तिन्ही आकडे पुन्हा घ्यायचे. समजा साखर १५८ झाली. आधी विचारायचं: मेटफॉर्मिन रोज घेतेस का, लग्नसराईत खाणं बदललं का, कुठे जखम किंवा ताप होता का? यातलं काही नसेल तर मेटफॉर्मिन वाढवायचं, गोळी चालू ठेवायची. पण रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, तर साखर कितीही छान असली तरी गोळी बंद करून दुसरं साधन द्यायचं. आता याच बाईच्या कागदावर एकच गोष्ट बदलू या: लघवीत प्रथिनं सापडली, पुन्हा तपासल्यावरही सापडली. निर्णय पूर्ण फिरला. माला-एन नाही, अंतराही नाही. तांबी, हार्मोनची तांबी किंवा दंडात बसवायची कांडी यांतून निवड. साखरेचा आकडा दोन्ही वेळा तोच होता.

आपल्या भागाची एक अडचण इथे सांगायलाच हवी. एचबीएवनसी हा आकडा रक्तपेशींवर उभा आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खरा असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरत असल्याने कमी दाखवतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून ज्या सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात झाली, तो आजार याच राज्याचं दुखणं आहे. तेव्हा हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचा एचबीएवनसी वाचून साधन ठरवू नका, जेवणाआधीची आणि नंतरची साखर तपासा. माला-एनच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्याही तिला खायला सांगा.

आता आक्षेप. पहिला अभ्यासूंचा आहे: १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये, गरोदरपणात मधुमेह झालेल्या लॅटिन वंशाच्या स्त्रियांत, अंगावर पाजताना फक्त प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका जवळपास तिपटीने जास्त आढळला. हे खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. पण त्याच अभ्यासात कमी मात्रेच्या मिश्र गोळीने धोका वाढला नव्हता. शिवाय एका समाजगटातल्या एका निरीक्षणावरून साधनावर बंदी येत नाही, तपासणी मात्र येते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायचीच असते, ती चुकू द्यायची नाही आणि पुढे दर वर्षी साखर बघायची, असा त्याचा सरळ अर्थ आहे. दुसरा आक्षेप: दोन मुलं झाली की ऑपरेशन करून टाका, झंझट नको. मूल नकोच असा पक्का निर्णय असलेल्या बाईला ते उत्तमच आहे, फक्त साखर आटोक्यात आणून करायचं, नाहीतर जखम चिघळते. पण २४-२५ वर्षांच्या बाईवर, बाकी काही चालत नाही असं चुकीचं सांगून, ऑपरेशन लादणं मला मान्य नाही. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: उपकेंद्रात डोळ्यांचा पडदा कोण बघणार? तो बघायला छिंदवाडा नाहीतर नागपूर गाठावं लागतं, हे मलाही कळतं. पण रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी यांना नागपूर लागत नाही. ही दोन साधनं धोक्याच्या अनेक बायका वेगळ्या काढतात. पडद्याची तपासणी होईपर्यंत तांबी किंवा निरोध देता येतो. निरोधने साधारण वापरात वर्षाला शंभरात तेराजणींना दिवस राहतात, तांबीने एकीलाही क्वचित, हे मात्र तिला सांगावं.

डॉक्टरांसाठी एक लहानशी सूचना. वजन आणि साखर दोन्ही उतरवणारं टिर्झेपेटाइड इंजेक्शन २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलं आहे. त्याने पोट सावकाश रिकामं होतं आणि तोंडाने घेतलेली गर्भनिरोधक गोळी कमी शोषली जाते. ते सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधही वापरायला सांगा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. आपली नोंदवही अजून नवी आहे, तिच्यात सवयी घालून घेता येतील. माझी विनंती इतकीच: मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला विचारा, 'येत्या वर्षभरात मूल हवंय का, ताई?' उत्तर 'नाही' असेल, तर ती उठून जाण्याआधी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधा आणि तिच्या हातात लघवीची बाटली द्या.