पाठीशी सूर्य, पुढ्यात सावली



थंडीच्या दिवसांत सीवूड्सच्या पाणथळ जागांपाशी सकाळी कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. खाडी पश्चिमेला, म्हणून सूर्य पाठीमागून वर येतो. समोरच्या गवतावर कोवळं ऊन पडतं आणि त्याच गवतावर फोटो काढणाऱ्याची सावलीही आडवी पसरते. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असेल, तर साडेपाच फुटी माणसाची सावली सुमारे ३१ फूट लांब पडते.

ती टाळायची तर ट्रायपॉड लावा, १० सेकंदांचा टायमर सुरू करा आणि बाजूला निघून जा. ट्रायपॉडच्या बारीक पायांची गडद सावली तीनेक मीटरांवर विरून जाते. कॅमेऱ्याचा छोटा ठिपका तेवढा उरतो आणि तो सहज पुसता येतो.

पण फोटो आधीच काढून झाला असेल तर? बरेच जण आजूबाजूचं गवत उचलून सावलीवर चिकटवतात आणि तिथे ठिगळ दिसतं. खरं तर सावलीतलं गवत फोटोत आहेच. थेट ऊन अडलं, तरी आभाळाचा उजेड त्याच्यावर पडतोच. म्हणून ते अंधारं आणि निळसर दिसतं. तेव्हा रॉ फाइल उघडा, सावलीभोवती मास्क आखा आणि एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवून बघा. शेजारच्या उन्हातल्या गवताशी उजेड जुळला, की रंग पिवळ्याकडे सरकवा. उन्हात पात्यांच्या बारीक सावल्या असतात, इथे त्या नाहीत, म्हणून कॉन्ट्रास्टही थोडा चढवावा लागतो.

खरी कसोटी कडेची. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर असते, आणि फोटोत ती पट्टी साधारण सूर्यबिंब दिसेल तेवढीच रुंद येते. २४ मिलिमीटरची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा असेल, तर सुमारे ३५ पिक्सेल. मास्कची कड तेवढीच मऊ ठेवा. फार मऊ ठेवली तर सावलीभोवती उजळ वलय येतं, फार कडक ठेवली तर काळी रेघ उरते.

एवढं करूनही कड डोकावली, तर तिथेच क्लोन स्टँप फिरवा. नमुना मात्र डावी-उजवीकडून, त्याच उंचीवरून घ्या. वरून घेतला तर तिथलं गवत दूरचं, म्हणून पाती बारीक निघतात आणि सोंग उघडं पडतं. जेपेग फाइलमध्ये मात्र काळोख ओढून वर आणला की डाग उमटतात. तिथे क्लोनवरच भिस्त ठेवावी लागते.

शेवटी फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. मोठ्या आकारात न दिसलेला फिका पट्टा तेव्हा लगेच नजरेत भरतो. तो दिसला, तर एक्स्पोजर पाव स्टॉप मागे-पुढे करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं.